कॅमेऱ्याचा आरटीएसपी पत्ता काढायला जाताना: आधी पासवर्ड बघा

सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीच्या एका अडत दुकानातले हिकव्हिजनचे कॅमेरे परवा कॉम्प्युटरवरच्या रेकॉर्डिंग सॉफ्टवेअरला जोडले. त्यासाठी लागतो तो आरटीएसपी पत्ता, म्हणजे सॉफ्टवेअर ज्यावरून कॅमेऱ्याचं लाइव्ह चित्र घेतं तो. मागच्या वेळी अशाच कामात एका गोष्टीपायी अख्खी संध्याकाळ गेली होती. ती गोष्ट म्हणजे पासवर्डमधली चिन्हं. म्हणून ही यादी तिच्यापासूनच.

निघण्याआधी मालकाला फोन करून कॅमेऱ्याचा पासवर्ड विचारा. मोबाइल ॲपचा नको. ॲपचं खातं वेगळं आणि कॅमेऱ्यातला `admin` वेगळा, आणि मालक हमखास ॲपचाच सांगतात. मग त्यात `@`, `#`, `/`, `?`, `:` किंवा `%` आहे का ते विचारा. आपल्याकडे बहुतेक पासवर्डांत यातलं एखादं असतंच.

लॅपटॉप, केबल, राउटरचं लॉगिन हे सांगायला नको. कॅमेऱ्याचा आयपी राउटरमध्ये कायमचा बांधून ठेवा, नाहीतर लाइट जाऊन आल्यावर पत्ता बदलेल. कॅमेरे एनव्हीआरच्या, म्हणजे रेकॉर्डिंगच्या डब्याच्या, मागच्या पोर्टांत खोचलेले असतील तर त्यांचं नेटवर्क आतल्या आत असतं आणि लॅपटॉपवरून ते दिसत नाही. अशा वेळी एनव्हीआरचाच आयपी घ्यायचा.

आता पत्ता. हिकव्हिजनमध्ये शेवटी `/Streaming/Channels/101` येतं. पहिला आकडा चॅनेलचा, शेवटचा 1 म्हणजे मुख्य स्ट्रीम आणि 2 म्हणजे हलकी. एनव्हीआरवरच्या तिसऱ्या कॅमेऱ्याची हलकी स्ट्रीम म्हणून `302`. दाहुआमध्ये त्या जागी `/cam/realmonitor?channel=1&subtype=0` असतं. तिथे हलकीसाठी `subtype=1`. मॉडेलच कळत नसेल तर लॅपटॉपवर ओएनव्हीआयएफ डिव्हाइस मॅनेजर हे सॉफ्टवेअर वापरा; लाइव्ह चित्राखाली पूर्ण पत्ता दिसतो. हिकव्हिजनमध्ये त्याआधी कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये ओएनव्हीआयएफ चालू करून त्याचा वेगळा युजर बनवावा लागतो. इंटरनेटवरच्या लांबलचक याद्यांतून एकेक पत्ता लावून बघू नका. लॉगिन वारंवार चुकलं की कॅमेरा तुमचा आयपी काही काळ बंद करतो, आणि मग बरोबर पत्ताही चालत नाही.

पुन्हा पासवर्ड. समजा तो `Halad#45` आहे. तो तसाच लिहिला तर `#` पाशी पत्त्याचा मुख्य भाग संपला असं सॉफ्टवेअर धरतं. मग `admin` हे मशीनचं नाव आणि `Halad` हा पोर्ट ठरतो. एरर येते ती पोर्टची किंवा होस्टची, त्यात पासवर्डचा उल्लेखही नसतो, आणि आपण केबल तपासत बसतो. म्हणून `#` ऐवजी `%23`, `@` ऐवजी `%40`, `/` ऐवजी `%2F`, `?` ऐवजी `%3F`, `:` ऐवजी `%3A` आणि खुद्द `%` ऐवजी `%25` लिहा. `@` काही सॉफ्टवेअर सांभाळून घेतात, काही नाही. त्या भरवशावर राहू नका. मग पूर्ण पत्ता ffprobe ला देऊन बघा; स्ट्रीम उघडली तर तो तिची माहिती दाखवतो.

```
ffprobe -rtsp_transport tcp "rtsp://admin:Halad%2345@192.168.1.64:554/Streaming/Channels/101"
```

व्हीएलसीत चाललं म्हणजे झालं, असं अजिबात धरू नका. तिथे पासवर्डाशिवाय पत्ता टाकला की तो चौकटीत विचारतो, आणि चौकटीत `#` तसाच चालतो. तोच पासवर्ड पत्त्यात गेला की अडतो. त्यामुळे चाचणी करायची ती पासवर्डासकट पूर्ण पत्त्याची, जसा सॉफ्टवेअरमध्ये टाकणार तसाच. `401` आलं तर युजर किंवा पासवर्ड चुकला. `404` आलं तर शेवटचा मार्ग चुकला. काहीच न येता वेळ संपली तर आयपी किंवा 554 पोर्ट बघा.

सगळ्यात बरं म्हणजे कॅमेऱ्यात रेकॉर्डिंगसाठी वेगळा युजर बनवा, त्याला फक्त लाइव्ह बघायचा हक्क द्या आणि पासवर्ड नुसत्या अक्षरांचा व आकड्यांचा ठेवा, जरा लांब. मालकाचा `admin` तसाच राहतो आणि चिन्हांचा प्रश्नच उरत नाही. मालक नाही म्हणाले तरच `%23` च्या वाटेला जा. पण जा नक्की.

बाकीचं थोडक्यात. ffprobe मध्ये `hevc`, म्हणजे एच.265, दिसलं आणि ब्राउझरमध्ये चित्र येत नसेल तर हलकी स्ट्रीम एच.264 वर आणा. रेकॉर्डिंगला मुख्य, हालचाल ओळखायला हलकी. चित्र राखाडी फाटत असेल तर टीसीपी निवडा. पासवर्डासकट पत्त्याचा स्क्रीनशॉट व्हॉट्सॲपवर टाकू नका. आणि निघताना कॅमेऱ्याची तारीख-वेळ बघा.