‘नातेवाईक तयार नाहीत’ या नोंदीची केस कशी बांधली

व्हेंटिलेटर काढायचा की नाही, अशा केसमध्ये वॉर्डच्या कागदांवर हमखास ही ओळ असते: ‘नातेवाईक तयार नाहीत’. रुग्णालयाच्या नैतिकता समितीला त्यातून काहीच कळत नाही. म्हणून एका रुग्णाच्या केसमध्ये ती ओळ फोडली: कोण बोललं, कधी, नकार नेमका कशाला? धाकट्या मुलाचा नकार फक्त ट्रेकिऑस्टॉमीला, म्हणजे श्वासासाठी गळ्याला छेद देऊन नळी घालण्याला होता. पत्नीला तर कुणी विचारलंच नव्हतं. मग सर्वांत वर एकच प्रश्न लिहिला: रुग्णाला स्वतःला हे उपचार हवे असते का? खाली आधी वैद्यकीय स्थिती, मग रुग्णाने पूर्वी बोलून दाखवलेली इच्छा. खर्चाची अडचण वेगळ्या परिच्छेदात, कारण ती बहुतेकदा ‘इच्छे’च्या आड लपते. सर्वोच्च न्यायालयाच्या २०२३च्या सुधारित निर्देशांप्रमाणे प्राथमिक आणि दुय्यम वैद्यकीय मंडळांचं मत लागतंच. समितीचा अभिप्राय त्याऐवजी चालत नाही.