तारा आणि कंस: टाके कुठे चुकतात?

साताऱ्यात थंडी पडली की लोकर बाहेर निघते आणि पहिल्याच ओळीत टाके उरतात. चूक बहुधा विणकामाच्या नमुन्यातल्या ताऱ्यापाशी, म्हणजे * या खुणेपाशी असते.

```
K2, *P2, K2; rep from * 3 times
```

K म्हणजे सुलट, P म्हणजे उलट. सुरुवातीचे दोन सुलट ताऱ्याआधी आहेत, म्हणून ते एकदाच. पुढचा चार टाक्यांचा गट एकदा विणायचा आणि मग आणखी तीनदा. म्हणजे एकूण चारदा. २ + १६, सुईवर १८ टाके हवेत.

कंसाचा हिशेब मात्र वेगळा:

```
K2, (P2, K2) 3 times
```

इथे गट एकूण तीनदाच, म्हणजे १४ टाके. बेरीज टाके घालण्याआधीच करा. नंतर उसवताना लोकर पिंजते. नमुन्यात टाक्यांचा आकडा छापलेला असेल, तर बेरीज त्याच्याशी जुळवा.