पाचवी-सहावीच्या लेकरांचं ऱ्हस्व-दीर्घ: चिठ्ठ्या लावा, मग दोन ओळी सांगा

बोलताना फूलमधला ऊ अन् फुलालामधला उ लेकरांच्या कानाला बऱ्याचदा सारखाच लागतो, त्यामुळं नुसतं श्रुतलेखन घेत बसलं की लेकरं अंदाजानंच लिहितात. आधी चिठ्ठ्या करा. फूल-फुलाला, दूध-दुधात, पीक-पिकात, विहीर-विहिरीत, बहीण-बहिणीला, सगळ्या मिसळून गटाला द्या अन् म्हणा दोन ढीग लावा, पण कशावरून लावले ते सांगायचं, कारण काही जण निव्वळ वेलांटी बघून लावतात. सगळ्यांचं बोलून झालं की त्यांच्याच तोंडून निघतं, मूळ शब्दातलं शेवटून दुसरं अक्षर दीर्घ असलं तर प्रत्यय लागला की ते ऱ्हस्व होतंय. मग शरीर-शरीरात ही जोडी टाका, ती बसत नाही. संस्कृतातून जशीच्या तशी आलेल्या शब्दांचा तिसरा ढीग.

लगेच दोनच ओळी सांगा, ढिगात नसलेल्या शब्दांच्या: 'पीठ संपलं. पिठात पाणी घालून आईनं चुलीवर भाकर टाकली.' तपासताना पीठ, पिठात, चुलीवर एवढंच बघा, बाकी लाल पेन नको. कुणी 'पीठात' लिहिलं तर नुसतं खोडू नका, त्याला ती चिठ्ठी करून ढिगात लावायला सांगा.