नापास होण्याची शक्यता वर्तवताना या चुका टाळा

हजेरी आणि पहिल्या अंतर्गत चाचणीचे गुण घेऊन लॉजिस्टिक रिग्रेशनने विद्यार्थी नापास होण्याची शक्यता काढणे, हा प्रकल्प महाविद्यालयांत दरवर्षी कोणी ना कोणी हाती घेतो आणि त्यात दरवर्षी त्याच चुका होतात. त्यांतली सर्वांत घातक चूक मॉडेल चालवण्याआधी, माहिती गोळा करतानाच होते. भाकीत सहाव्या आठवड्यात हवे असते, पण हजेरी मात्र सत्र संपल्यानंतरची घेतली जाते, कारण कार्यालयात तीच तयार मिळते.

एका अभियांत्रिकी महाविद्यालयाने प्रथम वर्षासाठी केलेले असे मॉडेल माझ्याकडे तपासणीसाठी आले होते. अचूकता संशय यावा इतकी चांगली होती. मी हजेरीचा हिस्टोग्राम काढला, तेव्हा ७० ते ७४ टक्क्यांच्या पट्ट्यात जवळजवळ कोणीच नव्हते आणि बरोबर ७५ वर उंच खांब उभा होता. सत्राच्या शेवटी ज्यांनी वैद्यकीय प्रमाणपत्रे दिली, त्यांची हजेरी ७५ पर्यंत भरून घेतली होती. उरलेल्या डिफॉल्टर विद्यार्थ्यांची टर्म ग्रँट झाली नव्हती, त्यांना परीक्षेला बसताच आले नव्हते आणि फाइलमध्ये त्यांची नोंद ‘नापास’ अशी होती. म्हणजे अभ्यासात कोण मागे पडतो हे मॉडेल शिकलेच नव्हते, ते महाविद्यालयाचा हजेरीचा नियम शिकले होते. पुढच्या वर्षी सहाव्या आठवड्यात ते वापरले, तेव्हा कॅपच्या शेवटच्या फेरीतून उशिरा प्रवेश घेतलेली, पण चाचणीत उत्तम गुण मिळवलेली मुले धोक्याच्या यादीत वर आली.

यावर माझा उपाय कष्टाचा आहे आणि त्याला पर्याय मला दिसत नाही. मी शिक्षकांची हजेरीपत्रके मागवतो, सहाव्या आठवड्यापर्यंतचीच हजेरी मोजतो, तीही त्या विद्यार्थ्याच्या प्रवेशाच्या तारखेनंतर झालेल्या तासांच्या प्रमाणात, आणि टर्म ग्रँट न झालेल्यांना या मॉडेलमधून वेगळे काढतो, कारण त्यांचा प्रश्न निराळा आहे. ज्याला एवढा वेळ द्यायचा नसेल, त्याने हे भाकीत करू नये. त्याच्या यादीमुळे कोणाच्या तरी पालकांना विनाकारण बोलावले जाते.

चाचणीला गैरहजर असलेल्यांच्या रकान्यात AB लिहिलेले असते. घाईत ते रिकामे मानून `dropna()` लावले की नेमके सर्वाधिक धोक्यातले विद्यार्थी गळून जातात, आणि शून्य भरले की गैरहजेरी व कोरी उत्तरपत्रिका एकच ठरतात. AB रिकामे म्हणून वाचून घ्यावे आणि गैरहजेरीला स्वतंत्र रकाना द्यावा:

```python
df["t1_absent"] = df["test1"].isna().astype(int)
df["test1"] = df["test1"].fillna(df["test1"].mean())
```

नापास होणारे थोडे असतात, म्हणून `class_weight="balanced"` हा नापासांच्या नोंदींना जादा वजन देणारा पर्याय लावण्याची सवय नवशिक्यांना फार लवकर लागते. शंभरांत बारा नापास होत असतील, तर कोणालाही नापास न ठरवणारे मॉडेलही ८८ टक्के अचूक असते, तेव्हा अचूकतेवर विसंबू नये हे खरेच; पण या पर्यायाने शक्यतेचा आकडाच फुगतो. साधे मॉडेल ज्या माहितीवर शिकले, तिच्यावर त्याने वर्तवलेल्या शक्यतांची सरासरी प्रत्यक्ष प्रमाणाइतकी, म्हणजे १२ टक्क्यांच्या आसपास येते. ती बरीच वर दिसली, तर त्या आकड्याला शक्यता म्हणता येत नाही. मी हा पर्याय वापरत नाही आणि ०.५ ची रेषाही ओढत नाही. शक्यतेनुसार यादी उतरत्या क्रमाने लावतो आणि मेंटॉर शिक्षक जितक्यांना खरोखर वेळ देऊ शकतात, तितकी नावे वरून घेतो.

गुणकांचा अर्थ लावतानाही गफलत होते. समजा, समीकरण असे आले, ज्यात हजेरी टक्क्यांत आणि चाचणी २० गुणांची आहे:

```
z = 6 - 0.06*attendance - 0.25*test1
p = 1 / (1 + exp(-z))
```

६० टक्के हजेरी आणि ८ गुण असलेल्या विद्यार्थ्यासाठी z ०.४ येतो आणि शक्यता सुमारे ६० टक्के. त्याची हजेरी ७० असती, तर z उणे ०.२ आणि शक्यता ४५ टक्के झाली असती. आता ८० टक्के हजेरी आणि १६ गुण असलेली विद्यार्थिनी घ्या: तिची शक्यता सुमारे ५.७ टक्के आहे आणि ९० टक्के हजेरीला ती ३.२ टक्के होते. दहा टक्के जास्त हजेरीने दोघांचेही ऑड्स, म्हणजे नापास आणि पास होण्याच्या शक्यतांचे गुणोत्तर, जवळजवळ ०.५५ पट होतात, पण शक्यतेतली घट एकीकडे १५ अंशांची आहे, तर दुसरीकडे जेमतेम अडीच अंशांची. म्हणून ‘हजेरी दहा टक्क्यांनी वाढली की धोका अमुक टक्क्यांनी घटतो’ असे एकच वाक्य अहवालात लिहिता येत नाही. हजेरी वाढवली म्हणजे निकाल सुधारेलच, असेही यातून सिद्ध होत नाही. आजारपण किंवा घरासाठी करावी लागणारी नोकरी कमी हजेरी आणि नापास होणे या दोन्हींच्या मुळाशी असू शकते.

तपासणीसाठी माहितीची यादृच्छिक विभागणी करू नये. आधीच्या तुकड्यांवर मॉडेल शिकवावे आणि सर्वांत अलीकडच्या तुकडीवर तपासावे, कारण प्रश्नपत्रिकेची काठिण्यपातळी दरवर्षी बदलते आणि प्रत्यक्ष वापरही पुढच्या, न पाहिलेल्या तुकडीवरच व्हायचा असतो.