कर्ण युक्तिवाद लिहिताना या चुका टाळा

० आणि १ यांमधल्या वास्तव संख्या एकाखाली एक अशा यादीत बसवता येत नाहीत, हे दाखवणारा कर्ण युक्तिवाद चार ओळींत सांगता येतो. यादीतली प्रत्येक संख्या दशांशात लिहा. पहिल्या ओळीचा पहिला अंक, दुसऱ्या ओळीचा दुसरा, तिसऱ्या ओळीचा तिसरा, असे कर्णावरचे अंक घ्या आणि प्रत्येक अंक बदला. बदललेल्या अंकांची नवी संख्या, तिला ‘क’ म्हणू, प्रत्येक ओळीपेक्षा निदान एका जागी वेगळी आहे. म्हणून ती यादीत नाही.

इतके सोपे दिसते, म्हणूनच यात हमखास गफलत होते. बहुतेक वेळा ती ‘अंक बदला’ आणि ‘म्हणून’ या दोन ठिकाणी असते.

‘मग क यादीत घाला की!’

ही शंका जवळजवळ प्रत्येकाच्या मनात येते. तिला दिले जाणारे नेहमीचे उत्तर मात्र अर्धवट असते: ‘घाला, मग पुन्हा नवी संख्या निघेल, ती घाला, पुन्हा निघेल...’ हे ऐकून हुशार वाचक लगेच म्हणेल, मग अशा सगळ्या निघणाऱ्या संख्या एकदमच घालू. आणि ते जमतेही: जुनी यादी आणि या नव्या संख्यांची रांग, दोन्हींतून आळीपाळीने एकेक घेत गेले की एकच यादी होते.

मुद्दा पुन्हा पुन्हा करण्याचा नाहीच. विधान असे आहे: कोणतीही यादी घ्या, तिच्यातून काहीतरी सुटलेले असते. क घातलेली यादी हीसुद्धा एक यादीच, आळीपाळीने केलेली हीसुद्धा. विधान तिलाही लागू आहे आणि तिथे विषय संपतो. म्हणूनच सुरुवातीला ‘समजा, सगळ्या संख्यांची यादी आहे’ असे गृहीत धरून शेवटी विसंगती काढायची गरज नसते. ते चुकीचे नाही, पण त्या मांडणीमुळेच ही शंका जास्त फोफावते. ‘कोणतीही एक यादी घेऊ’ अशी सुरुवात करा.

अंक वेगळा, पण संख्या तीच

ही चूक खरी धोकादायक, कारण इथे युक्तिवाद खरोखरच मोडतो. ‘प्रत्येक अंकात १ मिळवा, ९ असेल तर ० लिहा’ हा नियम बऱ्याच जणांच्या वहीत सापडतो. आता ही यादी पाहा:

१ली ओळ: ०.४९९९९...
२री ओळ: ०.०९०००...
३री ओळ: ०.००९००...
४थी ओळ: ०.०००९०...

आणि पुढे याच पद्धतीने. कर्णावरचे अंक ४, ९, ९, ९... नियम लावला की ५, ०, ०, ०... म्हणजे क = ०.५०००... पण ०.४९९९... आणि ०.५०००... ही एकाच संख्येची दोन रूपे आहेत. क तर पहिल्याच ओळीत बसलेली आहे! ‘एका जागी अंक वेगळा, म्हणून संख्या वेगळी’ हे वाक्य इथे खोटे ठरले.

प्रत्येक संख्येचे शेवटी शून्ये येणारे रूपच यादीत घ्यायचे, असे आधी ठरवले तर हाच नियम तरून जातो. पण तसे ठरवल्याचे लिहिलेले नसते आणि का तरतो हे कोणी तपासत नाही. द्विमान पद्धतीत, जिथे ० चा १ आणि १ चा ० एवढाच बदल शक्य आहे, तिथे हा करारही वाचवत नाही. पहिली ओळ ०.१०००..., दुसरी ०.००१०..., तिसरी ०.०००१... अशी यादी घ्या. कर्णावर १, ०, ०, ०... येतात, त्यांचे ०, १, १, १... होतात, आणि द्विमानात ०.०१११... म्हणजेच ०.१०००... पुन्हा पहिली ओळ.

उपाय सोपा आहे. नियम असा ठेवा: कर्णावर ५ असेल तर ४ लिहा, दुसरे काहीही असेल तर ५ लिहा. दोन रूपे फक्त त्याच संख्यांना असतात ज्यांच्या शेवटी सगळी शून्ये किंवा सगळे ९ येतात. क मध्ये ४ आणि ५ सोडून अंकच नाही, म्हणून तिचे रूप एकच. हे एक वाक्य उत्तरात लिहायला विसरू नका.

गेऑर्ग कँटर यांनी १८९१ साली हा युक्तिवाद मांडला, तेव्हा त्यांनी दशांश वापरलेच नव्हते. त्यांनी m आणि w या दोन चिन्हांच्या अनंत ओळी घेतल्या. ओळ ही ओळच. एक चिन्ह वेगळे म्हणजे ओळ वेगळी, दोन रूपांचा प्रश्नच नाही. (वास्तव संख्यांची यादी होत नाही हे त्यांनी १८७४ मध्येच सिद्ध केले होते, तेही कर्णाशिवाय.)

क त्याच संग्रहात आहे का?

० आणि १ यांमधल्या परिमेय संख्यांची यादी करता येते. छेद वाढवत अतिसंक्षिप्त अपूर्णांक लिहीत जा: १/२, १/३, २/३, १/४, ३/४, १/५... मग यांनाच कर्ण लावून ‘परिमेय संख्यांचीही यादी होत नाही’ असे का म्हणता येत नाही?

करूनच पाहू. १/२ चा पहिला अंक ५, म्हणून ४ लिहू. १/३ चा दुसरा अंक ३, लिहू ५. २/३ चा तिसरा ६, पुन्हा ५. १/४ चा चौथा ०, ५. असे ५/६ पर्यंत, म्हणजे अकराव्या ओळीपर्यंत गेलो, तर क = ०.४५५५५५५५५५५... छेद ७ च्या सहा ओळींमध्येही फक्त ५ च मिळतात.

इथे मोह होतो: ही तर ०.४५५५... म्हणजे ४१/९०, परिमेयच! पण ४१/९० ही याच यादीत पुढे कुठेतरी आहे. तिच्या ओळीत कर्णावर येणारा अंक ५ आहे, म्हणून तिथे नियमाने क मध्ये ४ येतो आणि निदान त्या जागी तरी दोघी वेगळ्या पडतात. प्रत्येक परिमेय संख्येच्या बाबतीत असेच कुठेतरी घडते. थोडक्यात, क यादीत नाही हे खरे, पण यादीत सगळ्या परिमेय संख्या होत्या, म्हणून क अपरिमेय आहे. त्यात विसंगती कसलीच नाही. सुरुवातीचे कितीही अंक पाहून याचा अंदाज येत नाही.

वास्तव संख्यांच्या वेळी ‘क त्याच संग्रहात आहे’ ही पायरी नकळत पार पडते, कारण दशांश चिन्हापुढे कोणतेही अनंत अंक लिहिले तरी वास्तव संख्या मिळतेच. म्हणूनच ती लिहायची राहते. नैसर्गिक संख्यांना डावीकडे अनंत शून्ये जोडून कर्ण घेणाऱ्यांचेही इथेच चुकते: जे मिळते त्यात डावीकडे ४ आणि ५ संपतच नाहीत, आणि अशी नैसर्गिक संख्या नसते.

आपली सिद्धता तपासायची असेल, तर तिच्यात ‘वास्तव’ खोडून ‘परिमेय’ लिहा आणि पुन्हा वाचा. एकही वाक्य अडले नाही, तर ही पायरी तुम्ही लिहिलेलीच नाही.