निराधार योजनेचा अर्ज भरायला येताना

संजय गांधी निराधार योजनेसाठी विधवा ताईंनी आधार, रेशन कार्ड, वयाचा व रहिवासाचा पुरावा, तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला, पतीचा मृत्यू दाखला, बँक पासबुक आणि फोटो आणावेत. झेरॉक्ससोबत मूळ कागदही हवेत.

घरातून निघण्याआधी सगळ्या कागदांवरची नावं शेजारी ठेवून वाचा. हडपसरच्या एका ताईंच्या आधारवर पतीचं नाव ‘दत्तात्रय’ होतं आणि मृत्यू दाखल्यावर ‘दत्तू’. आम्ही अर्ज तसाच पुढे पाठवला नाही, कारण अशा फरकावर त्रुटी निघते आणि मग महिनाभर हेलपाटे. मृत्यू दाखल्यातली दुरुस्ती जिथे नोंद झाली त्याच कार्यालयात होते, आमच्याकडे नाही.

दुसरं, खातं आधारशी जोडलंय म्हणजे अनुदान त्यातच येईल असं नाही. त्यासाठी ‘आधार सीडिंग’, म्हणजे अनुदान कोणत्या बँकेत जमा करायचं याची आधार क्रमांकावरची नोंद लागते, आणि ती एका वेळी एकाच बँकेची असते. जुनं, बंद पडलेलं खातं सीड असेल तर पैसे अडकतात. आमच्याकडे तपासून देतो.

आम्ही अर्ज नीट भरून पोचपावती देतो. मंजुरीचा निर्णय मात्र शासनाचाच. मंजुरीसाठी कुणी पैसे मागितले तर देऊ नका.