कट्टे मोजून गाडीचं वजन कळत नाही: पोत्यांच्या ट्रकचा भार कसा तपासावा

"243 कट्टे बसतात, डोळे झाकून भरा." हा सल्ला मला पहिल्या वर्षी मिळाला आणि मी तो पाळला. आडतीवर दिवाणजी म्हणून नवा होतो, गाडी सोयाबीनची होती, लातूरहून सोलापूरच्या बाजूला एका मिलला निघालेली. रस्त्यात तपासणी पथकानं अडवली, काट्यावर चढवली आणि भार जवळपास एक टन जास्त निघाला. तिथंच रस्त्याकडेला कट्टे उतरवावे लागले. दुसरा टेम्पो बोलवा, हमाल शोधा, दंड भरा, आणि मिलवाल्याचे फोन वेगळे. त्या दिवसापासून मी गाडी स्वतः तपासल्याशिवाय सोडत नाही. आज सांगतोय ती सहा चाकी, म्हणजे दोन एक्सलच्या ट्रकची गोष्ट. माल सोयाबीन असो, साखर असो की तूर, हिशेब तोच.

आधी आरसी उघडा आणि त्यावरचं एकूण वजन बघा. गाडी, माल, डिझेल आणि माणसं मिळून एवढंच वजन कायद्यानं चालतं. 2018 च्या जुलैत केंद्र सरकारनं एक्सलचे आकडे वाढवले, तेव्हा दोन एक्सलच्या ट्रकसाठी ही मर्यादा 16.2 टनांवरून 18.5 टन झाली. तरी आपल्या गाडीच्या आरसीवर 16,200 छापलं असेल तर तोच आकडा धरा, शेजारच्या नव्या गाडीचा नको. एक घोळ इथंच मिटवून टाका. ड्रायव्हरला "पासिंग किती?" विचारलं तर कुणी एकूण वजन सांगतो, कुणी मालाचं. अठरा म्हणाला की अकरा म्हणाला, यावर पुढचा सगळा हिशेब फिरतो. त्यामुळे विचारू नका, वाचा.

आता खरी अडचण. आरसीवर एकूण वजनाबरोबर रिकाम्या गाडीचं वजनही असतं. वजाबाकी केली की मालाची मर्यादा निघाली, असं सगळेच सांगतात. मीही तेच केलं होतं. आरसीवर एकूण 18,500 आणि रिकामं 6,350, म्हणजे माल 12,150 किलो. 50 चा कट्टा धरला की 243. गणित बरोबर होतं, पण त्यातले दोन आकडे चुकीचे होते.

पहिला म्हणजे 6,350. हे वजन नोंदणीच्या दिवसाचं. त्यानंतर त्या गाडीचा हौदा दोनदा नवा झाला होता, जाड लाकडाचा. केबिनवर कॅरियर चढलं होतं. दोन ताडपत्र्या, दोरखंड, जॅक, पाण्याचा ड्रम, स्वयंपाकाची पेटी हे सगळं गाडीबरोबर कायम असायचं. डिझेलची टाकी भरली की 200 लिटरचे साधारण 165 किलो होतात. ड्रायव्हर आणि क्लिनर तर रिकाम्या वजनाच्या व्याख्येतच येत नाहीत, पण काट्यावर ते गाडीतच बसलेले असतात. हे सगळं मालाच्या वाट्यातून जातं. पुढं त्याच गाडीचं रिकामं वजन मी भुईकाट्यावर केलं तेव्हा आकडा आला 6,980. आरसीपेक्षा 630 किलो जास्त! म्हणजे एकही कट्टा चढण्याआधी बारा कट्ट्यांची जागा संपलेली होती.

म्हणून माझा नियम असा की भरण्याआधी रिकामी गाडी काट्यावर घ्यायचीच. टाकी भरलेली, ड्रायव्हर आणि क्लिनर आत, ताडपत्र्या आणि दोर गाडीवर, थोडक्यात निघताना जशी असेल तशी. ड्रायव्हर म्हणेल, "साहेब, मागच्या महिन्याची पट्टी आहे ना." नाही चालत. मागच्या महिन्यात टाकी अर्धी होती की भरलेली, क्लिनर खाली उतरला होता की आत होता, हे त्या पट्टीवर लिहिलेलं नसतं. आणि रिकामं वजन अर्ध्या टाकीवर करून नंतर पंपावर टाकी भरायची असेल, तर लागलीच 80-85 किलो वाढवून लिहा. काटा मात्र वैधमापन विभागाचं चालू प्रमाणपत्र असलेला निवडा. ते काट्याच्या खोलीत लावलेलं असतं, नसेल तर दुसरीकडं जा.

दुसरा चुकीचा आकडा म्हणजे 50. कट्ट्यावर 50 लिहिलं म्हणून त्यात 50 किलो असतात असं समजणारा माणूस आडतीवर कधी उभाच राहिलेला नाही. समोरचा खरेदीदार पोहोचल्यावर वजन करतो आणि तूट आली की कापतो, म्हणून भरणारा थोडं जास्तच घालतो. त्यात बारदान्याचं वजन धरा. तागाचं 50 किलोचं बारदान साधारण 580 ग्रॅमचं, ओलं असेल तर त्याहून जड. हाताने भरलेल्या कट्ट्यात तर प्रत्येक हमालाचं माप वेगळं. सिमेंटचं पोतं 50 किलोचं आणि युरियाचं 45 किलोचं, ते कारखान्यात यंत्रानं भरलेलं असतं, तिथं हा त्रास फारसा नाही. शेतमालात मात्र आहे.

उपाय सोपा आहे, फक्त कंटाळवाणा आहे. वीस कट्टे निवडायचे आणि आडतीवरच्या छोट्या इलेक्ट्रॉनिक काट्यावर एकेक ठेवायचे. निवड मात्र स्वतः करा. हमालाला सांगितलं की तो वरच्या थरातले, हाताशी येणारे वीस आणून ठेवतो, आणि ते सगळे एकाच माणसानं भरलेले असतात. चार-पाच थप्प्यांतून, वरून, खालून, भिंतीकडून घ्या. गाडीचं रिकामं वजन 6,980 आलं त्या दिवशी वीस कट्ट्यांचं वजन 1,028 किलो भरलं, म्हणजे सरासरी 51.4. सगळ्यांत हलका 50.2, सगळ्यांत जड 53.1. हलक्या आणि जड कट्ट्यात एवढाच फरक असेल तर वीस पुरतात. पाच-सहा किलोंचा फरक दिसला तर मी चाळीस तोलतो, आणि मुकादमाची कुरकुर ऐकून घेतो.

आता पुन्हा वजाबाकी करू. 18,500 मधून 6,980 गेले, राहिले 11,520. त्यातून मी 100 किलो राखून ठेवतो, कारण भुईकाट्याचा आकडा 5 किंवा 10 किलोंच्या टप्प्यानं येतो, वाटेतला दुसरा काटा थोडा वेगळा बोलू शकतो, आणि वाटेत पाऊस लागला तर ताडपत्री भिजते. उरले 11,420. त्याला 51.4 नं भागलं की 222 कट्टे. जुन्या हिशेबाचे 243 चढवले असते तर माल 12,490 किलो आणि गाडीसकट 19,470 झाले असते, मर्यादेपेक्षा 970 किलो वर. मोटार वाहन कायद्याच्या कलम 194 प्रमाणे जास्त भारासाठी 20,000 रुपये दंड आणि वर प्रत्येक जादा टनाला 2,000. शिवाय जादा माल उतरवल्याशिवाय गाडी हलत नाही आणि उतरवण्याचा खर्चही आपलाच. एकवीस कट्ट्यांच्या भाड्यात हे बसतं का, ते तुम्हीच बघा.

भरताना मोजणी दोन माणसांनी करावी, एक हौद्यात आणि एक खाली.

भरून झाली की गाडी पुन्हा त्याच भुईकाट्यावर. आमच्या हिशेबानं 222 कट्ट्यांचे 11,411 किलो, गाडी धरून 18,391. काट्यावर 18,390 किंवा 18,400 आलं तर ठीक. फरक आला तर तो किती आहे ते नीट बघा, कारण त्यातच उत्तर असतं. 51 किंवा 103 किलोंच्या आसपास असेल तर बहुधा एक-दोन कट्टे जास्त चढले, पुन्हा मोजा. दोनशे-अडीचशे असेल आणि मोजणी बरोबर असेल, तर तुमचे वीस कट्टे चुकीचे निवडले गेले. "स्प्रिंगच्या पाट्या सरळ झाल्या की गाडी भरली" असं सांगणारे मालक भेटतात. त्यांचं ऐकू नका. दहा वर्षं चाललेल्या गाडीच्या पाट्या निम्म्या भारालाच सरळ होतात आणि नव्या गाडीच्या पाट्या दोन टन जादा घालूनही वाकलेल्याच दिसतात.

एकूण वजन बसलं तरी एक तपासणी राहते, आणि ती बहुतेक जण करतच नाहीत. 18.5 टनांची मर्यादा म्हणजे पुढच्या एक्सलला 7 टन आणि मागच्या चार टायरच्या एक्सलला 11.5 टन अशी बेरीज आहे. भुईकाट्यावर फक्त मागची चाकं ठेवून एकदा आकडा घ्या. काट्यापुढचा रस्ता काट्याच्या पातळीला असेल तरच तो आकडा खरा, उतारावर तो फसवतो. आमचा एकदा 11,900 आला, एकूण मात्र 18,390 च होतं. हमालांनी मागच्या फाळक्याजवळ एक थर वाढवला होता, कारण पुढं केबिनपर्यंत ओझं वाहून न्यायचा कंटाळा. मागच्या एक्सलवर 400 किलो जास्त, पुढं 6,490 वर जागा शिल्लक. उपाय म्हणजे उतरवणं नव्हे, सरकवणं. त्या गाडीच्या पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर 5.2 मीटर होतं. 30 कट्टे, म्हणजे 1,542 किलो, दीड मीटर पुढं नेले की मागचा भार 1,542 गुणिले 1.5 भागिले 5.2, म्हणजे 445 किलोंनी कमी होतो. मागं 11,455 राहिले, पुढं 6,935 झाले. दोन्ही मर्यादेत. तेव्हापासून मी मुकादमाला भरण्याआधीच सांगतो की पहिला थर केबिनच्या भिंतीला टेकवून लावा, मोकळी जागा राहिलीच तर ती फाळक्याकडं राहू द्या.

पावसाळ्यात रिकामं वजन प्रत्येक फेरीला करतो. जुलैत तीच गाडी, तेवढीच टाकी, तीच माणसं, आणि काट्यावर 7,110 दिसले. हौद्याचं लाकूड आणि दोन्ही ताडपत्र्या भिजलेल्या होत्या. त्या दिवशी 219 कट्टे भरले.